मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ : आबांसाठी एका पानात

आबा, गोळीबरोबर आलेल्या कागदावरची अक्षरं मुंगीएवढी आहेत. त्यातलं तुम्हाला लागणारं तेवढंच मोठ्या अक्षरात लिहिलंय. हा कागद गोळ्यांच्या डब्यातच ठेवा. काकूंनाही एकदा वाचून दाखवा.

कशासाठी
टाइप २ शुगरसाठी. यकृत रक्तात जादा साखर सोडतं ते ही गोळी कमी करते, आणि अंगातल्या इन्सुलिनचा असर वाढवते. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. गोळी आणि पथ्य चालू आहे म्हणून तो नॉर्मल आलेला असतो.

कधी घ्यायची
चोपड्याच्या डॉक्टरांनी लिहिल्याप्रमाणे सकाळी एक, रात्री एक. जेवताना किंवा जेवण झाल्या झाल्या, उपाशीपोटी नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत तुम्ही नुसत्या चहावर शेतात निघता, तसं करून गोळी घेऊ नका. कळण्याची अर्धी भाकरी तरी पोटात जाऊ द्या. एक वेळ राहिली तर पुढच्या जेवणाला नेहमीची एकच घ्यायची, दोन नाहीत. एकादशीला गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

नेहमीचे त्रास
मळमळ, पोटात गुडगुड, पातळ संडास, भूक कमी, तोंडाला धातूसारखी चव. बहुतेकांना हे सुरुवातीचे काही आठवडेच होतं, मग बसतं. घाबरून गोळी सोडू नका. फार झालं तर डॉक्टर गोळी बदलून देतात.
वर्षानुवर्षं घेतल्यावर काहींचं बी-१२ कमी होतं. तळपायाला मुंग्या आल्या, सतत थकवा वाटला की तपासणी करायला सांगा.

डॉक्टरांना केव्हा
हे सगळ्यात महत्त्वाचं. उलट्या-जुलाब थांबत नाहीत, ताप आहे, पाणीही पोटात ठरत नाही, ऊन लागलंय: अशा वेळी गोळी थांबवा आणि त्याच दिवशी फोन करा. अंगातलं पाणी कमी झालं की किडनीवर ताण येतो, औषध नीट बाहेर पडत नाही, आणि रक्तात लॅक्टिक आम्ल साठू शकतं. असं क्वचितच होतं, पण जिवावर बेतू शकतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, म्हणून मी एवढं बजावतेय. पुन्हा कधी सुरू करायची ते डॉक्टरच सांगतील.

धाप लागली, अंग फार दुखायला लागलं, हातपाय गार पडले, गुंगी आली, तर वाट पाहू नका: १०८ ला फोन.

दारू या गोळीबरोबर नकोच. रंगाचं इंजेक्शन देऊन सिटी स्कॅन करायचा असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर तिथे आधीच सांगा की मेटफॉर्मिन चालू आहे. किडनीची, म्हणजे क्रिएटिनिनची, तपासणी वर्षातून एकदा तरी करा. यंदाची राहिली आहे. मी रविवारी गावी येते, सोमवारी सकाळी सोबत जाऊ.