अंडे व मासळीच्या ॲलर्जीबाबत विनंतीपत्र

नागपूर
दिनांक : 2 जुलै 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
शालेय कॅन्टीन

प्रत : वर्गशिक्षिका, इयत्ता चौथी ‘ब’

विषय : अंडे व मासळीची ॲलर्जी असलेल्या विद्यार्थ्यासाठी पदार्थांमधील घटकांची माहिती मिळणेबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

माझा मुलगा अन्वय हा यंदा चौथीत गेला असून, या वर्षापासून मधल्या सुट्टीत मुलांना कॅन्टीनमधून खाऊ घेता येणार असल्याचे शाळेने कळवले आहे. अन्वयला अंडे आणि मासळी या दोन्हींची ॲलर्जी आहे व तसे त्याच्या डॉक्टरांचे पत्र शाळेच्या कार्यालयात दिलेले आहे. दूध, शेंगदाणे, गहू त्याला चालतात. मित्रांबरोबर बसून त्यानेही तर्री-पोहे खावेत, अशीच आमची इच्छा आहे. म्हणूनच त्याला कॅन्टीन बंद करण्याऐवजी आपल्याला हे पत्र लिहीत आहे.

‘पदार्थ शाकाहारी आहे’ एवढे उत्तर आमच्यासाठी का पुरत नाही, ते आधी सांगते. गेल्या हिवाळ्यात तलावाकाठच्या एका गाडीवर त्याने आलूबोंडा खाल्ला. बोंड्यात बटाटा, बेसन आणि मिरचीपलीकडे काही नव्हते, पण थोड्या वेळापूर्वी त्याच कढईत मासळीचे तुकडे तळले गेले होते, हे आम्हाला नंतर कळले. दहा मिनिटांत त्याचे ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या आणि आवाज बसला. तेथून आम्ही थेट रुग्णालय गाठले. मासळीतील ॲलर्जी आणणारे प्रथिन तळण्याच्या उष्णतेनेही सहसा निकामी होत नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला त्या रात्री समजावून सांगितले.

आपल्या फलकावर मासळीचा एकही पदार्थ नाही, हे मी पाहिले आहे. तरीही चायनीज पदार्थांसाठी आणलेल्या सॉसच्या बाटल्यांबद्दल मला विचारायचे आहे, कारण वूस्टर सॉसमध्ये बहुधा अँकोव्ही ही लहान मासळी असते आणि नावावरून ते अजिबात लक्षात येत नाही. शुक्रवारच्या हक्का नूडल्स व फ्राइड राइसमध्ये कोणकोणते सॉस पडतात आणि नूडल्स अंड्याच्या आहेत की साध्या, हे कृपया कळवावे.

अंड्याची बाब अधिक गुंतागुंतीची आहे. बुधवारी एग रोल असतो. तो ज्या तव्यावर भाजला जातो, त्याच तव्यावर पराठा किंवा डोसा होतो का, उलथणे एकच असते का आणि मधे तवा साबणाने धुतला जातो की केवळ फडक्याने पुसला जातो, हे मला जाणून घ्यायचे आहे. सँडविचमधील मेयोनीज अंड्याचे आहे की बिनअंड्याचे? बर्गरच्या पावाला वरून जी तकाकी असते, ती कधी दुधाची तर कधी फेटलेल्या अंड्याची असते. पाव बाहेरून येत असल्यास बेकरीवाल्यांना हे विचारून घ्यावे लागेल, याची मला कल्पना आहे. केक-पेस्ट्री अन्वय घेणार नाही, त्यामुळे त्यांचा तपशील दिला नाही तरी चालेल.

सर्व पाककृती लिहून देण्याचा त्रास आपण घेऊ नये. सन 2020च्या लेबलविषयक नियमांनुसार बंद पाकिटावर अंडे, मासळी आदी घटक ‘कंटेन्स’ या शब्दापुढे नमूद करणे बंधनकारक आहे. तेव्हा सॉस, मेयोनीज, नूडल्स आणि पाव यांच्या पाकिटांच्या मागील बाजूचे फोटो पाठवलेत तरी माझे बरेचसे काम होईल. कढई आणि तव्याबद्दल मात्र पाकीट काही सांगणार नाही. ते आपल्या आचाऱ्यांकडूनच समजू शकेल. त्यांना सोयीचे असेल त्या दिवशी दुपारी तीननंतर मी स्वतः येऊन त्यांच्याशी बोलेन. पुढे एखाद्या वस्तूची कंपनी बदलली, तर तेवढे आधी कळवावे, ही विनंती.

काउंटरवरील कर्मचाऱ्यांना अन्वयचा फोटो दाखवून ठेवावा. काही खाल्ल्यानंतर त्याला गांधी, उलटी, खोकला किंवा घरघर सुरू झाली, तर थोडे थांबून पाहू असे न करता त्याला एकटे न सोडता ताबडतोब परिचारिकांना बोलवावे. त्याचे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन शाळेच्या वैद्यकीय कक्षात ठेवलेले आहे आणि ते कधी व कसे द्यायचे, हे डॉक्टरांनी पत्रात लिहिले आहे. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून मग मला फोन करावा. माझा क्रमांक त्याच्या शालेय दैनंदिनीच्या पहिल्या पानावर आहे.

आपले उत्तर येईपर्यंत अन्वय घरचाच डबा आणेल. तोवर त्याने पैसे पुढे केले, तरी कृपया त्याला काही देऊ नये. तो तसे करणार नाही असे मला वाटते, पण समोशाचा वास आला की नऊ वर्षांच्या मुलाचा भरवसा देता येत नाही.

कळावे,

आपली विश्वासू,
अन्वयची आई

सोबत : डॉक्टरांच्या पत्राची छायाप्रत, अन्वयचा फोटो