‘उत्सव’ स्पर्धेतल्या तुमच्या जेजुरीच्या फोटोबद्दल

सुनीताताई, नमस्कार.

निकाल लागल्यावर तुम्ही विचारलंत, “माझं नेमकं कुठे कमी पडलं?” दोन ओळींत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक सांगतो. क्षण पकडण्यात तिन्ही फोटोंमध्ये तुमचाच फोटो सरस होता. सोमवतीची पालखी, वडिलांच्या खांद्यावरचं ते पोर, डोळे मिटलेले, दोन्ही हात पसरलेले आणि वरून कोसळणारा भंडारा! एका परीक्षकाने तर तुम्हालाच पहिला क्रमांक दिला होता.

अडलं ते पिवळ्यावर. भर उन्हातला भंडारा कॅमेऱ्याला जड जातो. पिवळ्यात लाल आणि हिरवा दोन्ही चॅनल वर असतात, आणि हळदीच्या पिवळ्यात लाल आधी फुटतो. कॅमेऱ्याच्या मागे दिसणारा साधा हिस्टोग्राम बहुतेकदा एकूण उजेडाचा असतो, त्यामुळे तो ठीक दिसतो आणि आपण फसतो. तुमच्या फोटोत पोराच्या डोक्यामागचा भंडारा सपाट पिवळा डाग झालाय, उधळणीचे कण दिसत नाहीत. त्यावर सॅच्युरेशनही वाढवलंय, त्यामुळे कपाळाची कातडीसुद्धा त्या रंगात बुडाली. पुढच्या वेळी तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावा आणि एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप खाली ठेवा. सावल्या नंतर उचलता येतात, फुटलेला रंग परत येत नाही.

दुसरं, उजव्या कडेचा पांढऱ्या शर्टातला मोबाईलवाला. (जत्रेत तो नसतो असा फोटो हल्ली मिळणं कठीणच.) नजर पोरावरून सुटून सारखी त्याच्याकडे जाते. आपल्या नियमात खोडाखोडी चालत नाही, पण क्रॉप चालतो. उजवीकडून कापलं असतं तर तो गेला असता आणि पालखीचा दांडा थेट पोराकडे आला असता.

पहिल्या आलेल्या जोतिबाच्या सासनकाठीच्या फोटोतही गुलाल आहे, पण काठी तोलणाऱ्याच्या मनगटाच्या शिरांवर त्याचा कण न् कण दिसतो. दुसऱ्या क्रमांकाच्या, ताशा आवळणाऱ्या मुलीच्या फोटोत तुमच्यासारखी धमाल नाही, तो शांत फोटो आहे. मात्र चौकटीत नको असलेली एकही गोष्ट नाही. परीक्षकांचं तिथे चटकन एकमत झालं. माझ्या मते तुमचा फोटो त्याहून जास्त काळ लक्षात राहील, पण गुण समोरच्या प्रिंटला द्यायचे असतात.

तुम्ही रॉमध्ये काढला असेल तर फाईल रविवारी घेऊन या. रॉमध्ये जेपेगपेक्षा थोडं जास्त हाती लागतं. लाल चॅनल किती वाचतोय ते बघू, क्रॉपही करून पाहू. जमलं तर वार्षिक प्रदर्शनासाठी हाच फोटो द्या; तिथे मासिक स्पर्धेतले फोटो चालतात.

आपला,
माधव
(स्पर्धा समन्वयक)