अकाउंट्स असिस्टंटच्या मुलाखतीचा निर्णय

प्रिय शुभांगीताई,

सप्रेम नमस्कार.

काल संध्याकाळी तुम्हाला आमच्या ऑफिसातून इंग्रजीत मेल आला असेल. तुमचा अर्ज मराठीत होता, दोन्ही मुलाखती आपण मराठीत केल्या आणि मधे मधे नकळत कोकणीतही गेलो. मग एवढी महत्त्वाची गोष्ट तुम्हाला ठरावीक इंग्रजी चार ओळींतून कळावी, हे मला बरं वाटलं नाही. म्हणून तोच निर्णय मराठीत कळवते आहे.

अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे. त्यांनी काल होकार दिला, त्यामुळे हा निर्णय आता बदलणार नाही.

एक गोष्ट आधी सांगते, कारण तिची मला काळजी आहे. पतसंस्थेला महिनाभराची नोटीस द्यावी लागते, असं तुम्ही म्हणाला होतात. अजून दिली नसेल तर कृपया देऊ नका. दिली असेल तर आजच तिथल्या सचिवांशी बोलून घ्या.

दुसऱ्या मुलाखतीनंतर मी तुम्हाला कारखाना फिरून दाखवला, पगाराचं बोलले, वाळपईहून सकाळची कदंब कितीला पोचते तेही विचारलं. एवढं झाल्यावर काम झालंच, असं कुणालाही वाटेल. निवड व्हायच्या आधी मी इतकं पुढचं बोलायला नको होतं. त्याबद्दल मनापासून माफी मागते.

आता कारण. तुमच्या कामात उणं काही नव्हतं. बँकेच्या ताळमेळाचं जे काम तुम्हाला करायला दिलं होतं, त्यात एक चेक दोनदा नोंदलेला होता. तो तुम्ही वीस मिनिटांत शोधलात आणि चूक कुठून आली तेही लिहून दिलंत. बाकी कुणी ते लिहिलं नव्हतं. टॅलीवरचा तुमचा हातही चांगला बसलेला आहे.

अडलं ते जीएसटीच्या रिटर्नपाशी. आम्ही कच्ची काजू बी थेट बागायतदारांकडून घेतो. त्या खरेदीवरचा कर विकणाऱ्याने नव्हे, आम्ही भरायचा असतो, म्हणजे रिव्हर्स चार्ज. त्यासाठी प्रत्येक खरेदीचं बिल आम्हीच बनवतो, कर भरतो आणि मग त्याचं क्रेडिट घेतो. दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत GSTR-1, १४ ला GSTR-2B आलं की बाकीची खरेदी त्याच्याशी जुळवायची, २० पर्यंत GSTR-3B. मार्चपासून हंगाम सुरू झाला की रोज गोणी येतात आणि बिलं साचत जातात. निवडलेल्या उमेदवाराने हे काम चार वर्षं स्वतः केलं आहे. तुम्ही रिटर्न अजून भरलेलं नाही, हे तुम्ही स्वतःहून प्रामाणिकपणे सांगितलंत. निवांत महिने असते तर आम्ही तुम्हाला शिकवलं असतं. ऐन हंगामाच्या तोंडावर शिकवायला आमच्याकडे माणूस नाही. फरक पडला तो एवढ्यानेच. तुमचं बोलणं, तुमचं वय किंवा वाळपईहून रोजचं येणं-जाणं यांचा निर्णयाशी काही संबंध नाही.

इंग्रजी मेलच्या शेवटी ‘तुमचा अर्ज पुढील संधींसाठी नोंदीत ठेवू’ असं एक वाक्य आहे. ते सगळ्यांनाच जातं. ते तसंच मराठीत आणलं असतं तर तुम्ही आमच्या फोनची वाट पाहत राहिला असता, म्हणून इथे ते लिहीत नाही. आमच्या लेखा विभागात आम्ही तिघंच आहोत आणि या वर्षात आणखी जागा निघेल असं दिसत नाही. आमच्या भरवशावर दुसरीकडचा अर्ज थांबवू नका.

तुम्हाला याच कामात पुढे जायचं असेल तर डिचोली, साखळी किंवा म्हापशाच्या एखाद्या कर सल्लागाराकडे काही महिने रिटर्नचं काम हाताखाली करून पाहा. तुमची नजर ज्या बारकाईने चूक पकडते, त्यावरून तुम्हाला ते जड जाईल असं मला वाटत नाही. कुठे अर्ज केलात आणि माझ्याशी बोलायचं कुणी म्हणालं, तर माझा नंबर खुशाल द्या. त्या ताळमेळाच्या कामाबद्दल मी जे पाहिलं ते सांगेन.

तुमचं अनुभवाचं मूळ प्रमाणपत्र माझ्याकडे राहिलं आहे. ते आज स्पीड पोस्टने पाठवते. झेरॉक्स प्रती फाडून टाकू.

काही विचारायचं असेल तर याच मेलला उत्तर द्या, किंवा दुपारी तीननंतर फोन करा. रागावून केलात तरी चालेल.

तुमची,
उज्ज्वला
लेखा विभाग प्रमुख, डिचोली