आतली शिवण
(एकपात्री. वेळ: सुमारे सात मिनिटं, विरामांसह.)

पात्र: सुमन, वय चाळिशीच्या आसपास. शिवणकाम करते.

रंगमंच पूर्ण रिकामा. वस्तू नाहीत, संगीत नाही. मध्यभागी जमिनीवर हातमशीन कल्पायची. सुमन मांडी घालून बसते. उजवा हात चाकावर, डावा कापडावर. चाकाची उंची जमिनीपासून वीतभरच राहील. हात एकदा जरी वर गेला, तरी प्रेक्षकांना दिसणारी मशीन मोडते. खुंटी डावीकडे मागे, डोक्याच्या उंचीवर. अण्णांची खाट उजवीकडे पुढे. मशीनचा आवाज तोंडाने काढू नये.

(मध्यावर मंद प्रकाश. सुमन खुंटीवरून शर्ट काढते. झटकत नाही. दबक्या पावलांनी येऊन बसते.)

सुमन: झोपले. आज खोकला लवकर थांबला.

(शर्ट उलटा करते.)

आधी उलटा करायचा. शिंप्याचं खरं काम आतल्या बाजूला दिसतं, असं अण्णा म्हणायचे. (थांबते.) म्हणतात. म्हणतात अजून.

छाती अडतीस. त्यावर चार इंच सैल, म्हणजे शर्ट बेचाळीसचा. डोळे मिटून बेतला असता मी. मग अडतीसची झाली सदतीस. मग छत्तीस. टेप नाही लावली कधी. टेप काढली की ते विचारणार, कशाला गं? मी पाठ पुसताना मोजते. माझी वीत आठ इंची. (हवेत पाठीवर वीत टाकते.) एक. दोन. आणि वर चार बोटं, अशी होती पाठ. (पुन्हा, हळू.) एक. दोन. आणि दोन बोटं.

(उसवू लागते. एकेक टाका.)

शर्ट ढगळ झाला की माणसाला कळतं. म्हणून रात्री आत घेते. दर पंधरवड्याला पाव इंच. कापड दुहेरी, बाजू दोन, म्हणजे पाव इंचात एक इंच उतरतो. एकदम घेतलं तर खिसा काखेकडे सरकतो. आणि टीप काखेत तोडायची नाही, निमुळती करत बाहीत न्यायची. नाहीतर चुणी पडते आणि सगळं उघड होतं.

जास्तीचं कापड मी कापत नाही. दुमडून आतच ठेवते. बरे झाले की उसवायचं, झालं बेचाळीस!

(विराम.)

कॉलरचं सोपं. गुंडी अर्धा इंच सरकवली की गळ्याला बसते. खांद्याला इलाज नाही. बाही उसवल्याशिवाय खांदा आत जात नाही, आणि बाहीला हात लावला तर त्यांना कळेलच. म्हणून खांदा दंडावर उतरलाय. रोज बघते. बोलत नाही.

सकाळी आरशापुढे उभे राहतात. म्हणतात, "सुमन, तब्येत धरलीय बघ." मी म्हणते, हो अण्णा.

(कापड डोळ्यांजवळ नेते. हात थांबतात.)

ही रेघ कुणाची?

मी खडू लावत नाही. अंदाजानं घेते. ही... काखेपासून खाली, सरळ. शेवटाला बारीक आडवी खूण. "इथे थांब." मी दहा वर्षांची असताना माझ्या पहिल्या झबल्यावर अशीच काढून दिली होती.

(बोटाच्या पेरानं अंतर मोजते. पुन्हा मोजते.)

पाव नाही. अर्धा इंच.

(फार मोठा विराम. खाटेकडे बघत नाही.)

माझी वीत चुकली. दोन बोटं नव्हती. मीच दाबून धरत होते बोटं.

(शर्ट फिरवते. खांद्यावर हात थबकतो.)

बाही उसवलीय.

एकच. उजवी. टाके नीट काढलेत, कापड कुठे ओढलेलं नाही. दोऱ्याचे तुकडे खिशात ठेवलेत, जमिनीवर पडू नयेत म्हणून. (तळहातावर तुकडे घेते. मोजायला लागते, सोडून देते.) किती रात्री लागल्या असतील? सुई धरली की हात कापतो त्यांचा. डावीपर्यंत पोचला नाही हात.

(प्रथमच खाटेकडे वळते.)

अण्णा.

(विराम.)

जागे आहात ना?

(उत्तर ऐकते. ते प्रेक्षकांना ऐकू येत नाही. तिचा चेहरा बदलत नाही, श्वास बदलतो.)

हो. बघितली. अर्धा इंच.

(ऐकते.)

नाही, अंधारात नाही जमायचं. बाही आहे. दिवा मोठा करते.

(उठते. हात वर नेते. प्रकाश एकदम पूर्ण. आता पावलं दबकी नाहीत. परत बसते, डावी बाही पुढ्यात ओढते.)

डावी मी उसवते. तुम्ही खांदा सांगा.

(टाका उसवते. ऐकते. मान हलवते. पुढचा टाका. प्रकाश तसाच, मग एकदम अंधार.)