सभासदांसाठी सूचना: आषाढीचा अभंग घरूनच भरून पाठवणे

राम कृष्ण हरी.

सभामंडपाच्या स्लॅबचे काम आषाढीपर्यंत उरकत नाही, हे आता नक्की झाले. त्यात चार-पाच जण मुलांकडे पुण्याला आहेत. म्हणून यंदा एकादशीला देवळात लावायचा अभंग आणि शेवटचा गजर प्रत्येकाने आपापल्या घरी भरून पाठवायचा आहे. सगळे आवाज एकत्र बसवण्याचे काम पखवाजवाल्या काकांच्या नातवाने अंगावर घेतले आहे.

पेटी, पखवाज आणि बुवांचा आवाज असलेली मूळ फाईल ग्रुपवर टाकली आहे. पट्टी काळी एक, भजनी ठेका, लय गुरुवारच्यापेक्षा किंचित संथ. ती एका फोनवरून कानात ऐकायची आणि दुसऱ्या फोनवर फक्त आपला आवाज भरायचा. इयरफोन वायरचाच घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो आणि आपण ठेक्याच्या मागे पडतो. एकाच कानात घाला, म्हणजे स्वतःचा सूरही ऐकू येतो. घरची पेटी लावू नका, दोन पेट्यांचा सूर क्वचितच तंतोतंत जुळतो.

फाईलच्या सुरुवातीला चार टाळ्या आहेत. चौथीबरोबर तुम्हीही एक टाळी मारा. तिच्यावरूनच सगळे आवाज एका जागी लावता येतात, त्यामुळे ही टाळी चुकवू नका.

आता गाण्याचे. एकटे असलो की आवाज चोरला जातो, नाहीतर उलट ताना सुचू लागतात. दोन्ही नको. झील धरताना जसे मोकळे म्हणतो तसेच म्हणा. ओळीचा शेवट बुवा सोडतात तिथेच सोडा. सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. टाळ फक्त नेहमीच्या दोघा टाळकऱ्यांनी वाजवायचा, गाण्यापासून वेगळा भरायचा आणि फोन चार-पाच हात लांब ठेवायचा, नाहीतर आवाज फाटतो. बाकीच्यांनी टाळ हातात घेऊ नये. मागेपुढे पडलेले आठ टाळ म्हणजे मांडणीवरून भांडी कोसळल्यासारखे होते.

गाद्या, कपडे असलेली खोली निवडा, रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. पंखा आणि कूलर बंद हवेत. सोलापुरात हे सांगणे म्हणजे शिक्षाच आहे, म्हणून पहाटे पाचला बसा. यंत्रमागाशेजारी राहणाऱ्यांनी नातेवाइकांचे घर पाहावे. फोन विमान मोडवर टाका. मागच्या वेळी गजरात कुणाचा तरी रिंगटोन आला होता.

व्हॉट्सअॅपच्या माईकचे बटण दाबून पाठवू नका, त्यात आवाज दबतो. फोनमधल्या रेकॉर्डरवर भरून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाईलला आपले नाव द्या. योगिनी एकादशीच्या रात्रीपर्यंत यायला हवे. त्यानंतर आलेला आवाज घेता येणार नाही, मग तो अध्यक्षांचा असला तरी.

ज्यांना फोनचे जमत नाही त्यांनी शनिवारी संध्याकाळी सहानंतर बुधवार पेठेत माझ्या घरी यावे. माडीवर गाद्यांची थप्पी आणि दोन फोन तयार ठेवतो.

आपला,
सचिव, भजनी मंडळ