एनएफएचएस-५, बालकांची फाइल: कोणता रकाना काय सांगतो

नंदुरबारच्या अभ्यासगटासाठी. मूळ कोडबुक शेकडो रकान्यांचे आहे. आपल्याला लागणारे तेवढेच इथे घेतले आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची ही पाचवी फेरी २०१९-२१ मध्ये झाली आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था तिची मुख्य संस्था होती. या फाइलमधली एक ओळ म्हणजे मुलाखतीआधीच्या पाच वर्षांत जन्मलेले एक मूल. दगावलेली मुलेही यात आहेत. `b5` मध्ये हयात मुलासाठी `1`, दगावलेल्यासाठी `0` असतो, म्हणून मोजमापांना हात लावण्याआधी तो रकाना बघा.

आधी रिकाम्या जागांबद्दल, कारण चूक इथेच होते

रिकामा चौकोन म्हणजे सहसा तो प्रश्न त्या मुलाला लागूच नव्हता. दगावलेल्या मुलाची उंची रिकामी असणारच. विचारले किंवा मोजायला गेले, पण उपयोगी आकडा हाती आला नाही, तर तिथे मोठा आकडा लिहिलेला असतो. किती मोठा, ते रकान्याच्या रुंदीवर ठरते. दोन अंकी रकान्यात `98` म्हणजे "माहीत नाही", चार अंकी रकान्यात त्याच जागी `9998`. पण मोजमापांच्या रकान्यांत शेवटच्या अंकाचा अर्थ बदलतो, म्हणून ते खाली वेगळे दिले आहेत. सगळ्या फाइलवर एकच नियम चालवू नका.

उंची, वजन आणि झेड-गुण

`hw2` वजन आहे, किलोत, पण दशांशचिन्ह लिहिलेले नाही. `94` म्हणजे ९.४ किलो. `hw3` उंची सेंटिमीटरमध्ये, तशीच: `785` म्हणजे ७८.५. दोन्हींत `9994` म्हणजे मूल घरी नव्हते, `9995` म्हणजे नकार, `9996` म्हणजे इतर कारण. `hw15` वरून मूल आडवे झोपवून मोजले (`1`) की उभे (`2`) ते कळते.

`hw70` वयानुसार उंची, `hw71` वयानुसार वजन, `hw72` उंचीनुसार वजन. तिन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांवर काढलेले झेड-गुण आहेत आणि शंभराने भागायचे आहेत. म्हणजे खुजेपणाची रेषा `-200` ची, तीव्र लुकडेपणाची `-300` ची. इथे `9996` म्हणजे उंची अशक्य वाटावी अशी, `9997` म्हणजे वयाचे दिवस मर्यादेबाहेर, `9998` म्हणजे गुणच अविश्वसनीय म्हणून बाजूला काढलेला.

हे आकडे तसेच राहिले तर काय होते ते करून पाहा. नव्व्याण्णव मुलांचा गुण −१.५० आणि एकाच मुलाच्या जागी `9998`, तर सरासरी −०.४९ येते. शंभरात एक नोंद, आणि अख्खा तालुका सुदृढ दिसू लागतो. आपल्या पहिल्या तक्त्यात नेमके हेच झाले होते. अंगणवाडी सेविकांनी "हे आमच्या पाड्यांचे आकडे नाहीत" म्हटले नसते तर ते तसेच छापले गेले असते. म्हणून पहिल्या ओळी अशा:

```
gen haz = hw70/100 if hw70 < 9990
gen kilo = hw2/10 if hw2 < 9990
gen bhar = v005/1000000
```

`hw4` पासून `hw12` पर्यंतचे रकाने जुन्या संदर्भमानांवरचे आहेत. नावे सारखी वाटतात म्हणून घेऊ नका.

रक्त आणि जन्मवजन

हिमोग्लोबिनसाठी `hw53` नव्हे, `hw56` घ्या. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा फरक त्यात काढलेला असतो. तोरणमाळसारख्या गावांसाठी ते महत्त्वाचे. एकक ग्रॅम प्रति डेसिलिटर, एक दशांश गृहीत: `108` म्हणजे १०.८. `hw57` उलटा चालतो: `1` तीव्र रक्तक्षय, `4` म्हणजे रक्तक्षय नाही.

`m19` जन्मवजन, थेट ग्रॅममध्ये. `9996` म्हणजे जन्मताना वजन केलेच नाही, `9998` म्हणजे आईला माहीत नाही. दोन्ही एकत्र करू नका. वजन न होणे ही स्वतःच आपल्या कामाची माहिती आहे. `m19a` मध्ये `1` असेल तर वजन कार्डावरून, `2` असेल तर आईच्या आठवणीतून. आठवणीतली वजने २५०० आणि ३००० वर गोळा होतात, आणि कमी वजनाची रेषा नेमकी २५०० ची, म्हणून तक्ता दोन्हींसाठी वेगळा काढा.

उरलेले

`v005` नमुन्याचा भार, दहा लाखांनी भागायचा. `v001` नमुन्यातला गट, `v025` शहर `1`, ग्रामीण `2`. `b4` मुलगा `1`, मुलगी `2`. `hw1` वय महिन्यांत. `v008` मुलाखतीची आणि `b3` जन्माची तारीख १९०० पासून मोजलेल्या महिन्यांत आहे: वर्षातून १९०० वजा करून बाराने गुणायचे, मग महिना मिळवायचा. ऑक्टोबर २०१९ म्हणजे `1438`.

`v190` संपत्तीचे पाच गट, `1` सर्वांत गरीब. हे पाच भाग सगळ्या देशाचे मिळून केलेले आहेत. त्यामुळे एका जिल्ह्यात पाचही गट सारखे भरणार नाहीत. `5` मध्ये मोजकीच मुले दिसली तर फाइल बिघडली असे समजू नका, फक्त त्या गटाची टक्केवारी वेगळी देऊ नका.