परदेशातल्या मुलांसाठी मराठी वाचन-संभाषण वर्ग, कोल्हापूर : जानेवारी 2026 ची तुकडी

पालकांस सप्रेम नमस्कार,

दर रविवारी तुमच्या घरात काय होतं ते मला इथे कोल्हापुरात बसून दिसतं. आजीचा व्हिडिओ कॉल येतो. ती विचारते, "काय रे बाळा, जेवलास काय?" मूल तुमच्याकडे बघतं, तुम्ही त्याला इंग्रजीत सांगता, ते इंग्रजीत उत्तर देतं, ते तुम्ही आजीला मराठीत सांगता. दोन मिनिटांत मूल फोनसमोरून उठून जातं आणि आजी म्हणते, "असू दे, खेळू दे त्याला." हा मधला दुभाषा काढून टाकायचा, एवढ्यासाठी हे वर्ग आहेत. आजीआजोबांशी दहा मिनिटं कुणाच्या मदतीशिवाय गप्पा, आणि आजीनं हातानं लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी वाचता येणं, हे माझं माप. स्पर्धा, प्रमाणपत्र, श्लोकपाठांतर यांसाठी मूल पाठवायचं असेल तर हा वर्ग त्यासाठी नाही.

मी कोल्हापुरात 31 वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, बहुतेक काळ पहिली-दुसरीला. निवृत्तीनंतर नात्यातल्या दोन मुलांना झूमवर शिकवायला लागले आणि त्यांच्या मित्रांचे आईबाप विचारायला लागले, तशी तुकड्यांची सुरुवात झाली. तुमच्या गावात महाराष्ट्र मंडळाची शनिवार-रविवारची शाळा भरत असेल आणि तिथवर नेणं जमत असेल, तर आधी तिथेच घाला, हे मी फी घेणारी असूनही सांगते. आपल्यासारखं बोलणारी दहा मुलं समोरासमोर दिसणं फार मोलाचं असतं. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी माझ्याकडे यावं.

कुठलं मूल कुठल्या तुकडीत

वय 5 ते 13. तुकडी वयावरून ठरत नाही, बोलण्यावरून ठरते. प्रवेशाआधी मी मुलाशी वीस मिनिटं गप्पा मारते, त्याचे पैसे नाहीत. त्या वेळी तुम्ही दुसऱ्या खोलीत थांबायचं. मागून उत्तर सांगणाऱ्या आईमुळे मूल कुठे आहे तेच मला कळत नाही.

"पाटी" ही तुकडी ज्यांना मराठी कळतं पण तोंडातून येत नाही त्यांची. परदेशातली निम्म्याहून जास्त मुलं माझ्याकडे अशीच येतात. "पेन्सिल" म्हणजे थोडं बोलणारी, अक्षरओळख नसलेली. "पेन" म्हणजे अडखळत का होईना वाचणारी. एका तुकडीत चारच मुलं. तीनपेक्षा कमी झाली तर तुकडी सुरू होत नाही, भरलेले पैसे परत मिळतात.

तासाला काय होतं

आठवड्यातून दोन तास, प्रत्येक तास 45 मिनिटांचा. 12 आठवडे, म्हणजे 24 तास.

पहिली दहा मिनिटं नुसत्या गप्पा. "आज डब्यात काय होतं?" यावर पूर्ण वाक्य यायला हवं. मुलाला शब्द आठवला नाही तर ते इंग्रजी शब्द घालून वाक्य पुरं करतं, मी तेच वाक्य मराठीत परत म्हणते आणि पुढे जाते. "चूक" असं मी म्हणत नाही. गप्पांनंतरची वीसेक मिनिटं त्या दिवसाच्या विषयाला, उरलेली वाचनाला. "पाटी"च्या मुलांना पहिले चार आठवडे अक्षर दाखवतच नाही. जे तोंडात नाही ते डोळ्यांना वाचायला लावलं की मूल अक्षरं जुळवतं आणि अर्थ शून्य, हे मी वर्गात फार पाहिलं आहे.

मुलं कुठे अडकतात ते मला आता पाठ झालं आहे. पहिलं म्हणजे लिंग. इंग्रजीत टेबल, खुर्ची, कपाट सगळ्यांना एकच. आपल्याकडे तो, ती, ते असं तीन घरांचं भांडण. त्यातून भूतकाळ आला की आणखी पंचाईत, कारण क्रियापद खाणाऱ्याकडे बघतच नाही, खाल्लेल्या वस्तूकडे बघतं : मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळं खाल्लं. हे नियम सांगून येत नाही. म्हणून मी मंडईचा खेळ घेते. प्रत्येक मूल ग्राहक, मी भाजीवाली : कांदा कसा दिला, कोथिंबीर कशी दिली, आलं कसं दिलं. सहा आठवडे हा खेळ चालला की कान तयार होतो. मग एकदा मी खरोखरच फोन घेऊन कपिलतीर्थ मंडईत जाते आणि मुलं भाजीवाल्या मावशींशी थेट भाव करतात. मागच्या तुकडीत न्यू जर्सीची एक नऊ वर्षांची मुलगी "मावशी, लई महाग सांगताय!" असं म्हणाली. मावशींनी पाच रुपये कमी केले आणि मेथीची जुडी माझ्या पिशवीत आली.

दुसरं म्हणजे "ळ". "मी काळ आलो" किंवा "केलं खाल्लं" असं ऐकू येतं. जीभ मागे वळवायचा सराव रोज दोन मिनिटं, तोही हसत-खेळत : काळा कावळा, पिवळी केळी. तिसरं, च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार. "चार" मधला च वेगळा, "चाक" मधला वेगळा, आणि लिहिताना दोन्ही सारखेच. हे पुस्तकात बघून येत नाही, ऐकूनच येतं. "आपण" आणि "आम्ही" यांतला फरकही इंग्रजीत नाही. "आम्ही आईस्क्रीम खायला जाणार" म्हटल्यावर समोरच्याला घरी बसवलं, हे लक्षात आलं की मुलं या शब्दांनी एकमेकांना चिडवायला लागतात.

वाचन मी अ आ इ ई पासून सुरू करत नाही. आधी व, ब, क, र, स ही वळणानं जवळची अक्षरं. एवढ्या पाचांत बस, रस, वर, रबर असे शब्द आणि "बस, सरक!" असं पूर्ण वाक्य पहिल्याच आठवड्यात वाचता येतं. मग काना, मात्रा, वेलांटी. जोडाक्षरं आणि रफार "पेन"मध्ये. वाचायला बालभारतीची पहिली-दुसरीची पुस्तकं वापरतो, ती ebalbharati.in वर फुकट मिळतात. शिवाय आजीआजोबांनी इथून एक अंकलिपी पाठवली तर उत्तम.

प्रमाण की घरची?

हा प्रश्न दर तुकडीत एक तरी पालक विचारतात. मूल घरी जे ऐकतं तेच बोलू दे. कोल्हापूरच्या घरातली मुलगी "मी आलो, मी गेलो" म्हणाली तर मी ती सुधारत नाही, तिची आजी तसंच बोलते आणि मीही चिडले की तसंच बोलते. नागपूरकर, मालवणी, खानदेशी, सगळ्यांना जागा आहे. पुस्तकातली भाषा वाचायला शिकवते, बोलायला घरची. आजीला "तू" आणि आजोबांना "तुम्ही" की दोघांनाही "तुम्ही", हेही तुमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे. तो मला प्रवेशाच्या वेळी सांगून ठेवा.

घरचा अभ्यास

एकच : आठवड्यातून एक फोन, आजीआजोबांना किंवा आत्या-मामाला, दहा मिनिटं, आणि तुम्ही मध्ये बोलायचं नाही. काय विचारायचं ते मी मुलाला तासाला देते ("आजी, तुम्ही लहान असताना पाऊस पडला की काय करायचात?"). पुढच्या तासाला मूल उत्तर सांगतं. ज्यांचे आजीआजोबा नाहीत त्यांच्यासाठी इथल्या माझ्या दोन निवृत्त मैत्रिणी फोनवर आजी व्हायला तयार असतात. आणखी एक विनंती, जरा कडक : मुलाला मराठी निरोप इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवू नका. फोनवर देवनागरी कळफलक घ्यायला दोन मिनिटं लागतात. अक्षरं शिकायची मेहनत त्यानं करायची आणि आईबापांनीच "kasa aahes" लिहायचं, हे बरोबर नाही.

वेळा

शनिवार-रविवारच्या तुकड्या 10 जानेवारी 2026 ला सुरू होऊन 29 मार्चला संपतील. बाकीच्या 12 जानेवारीच्या आठवड्यात सुरू होतील. अमेरिका, पूर्व किनारा : शनिवार-रविवार, तुमचे सकाळचे 9. कॅलिफोर्निया : मंगळवार-गुरुवार, तुमचे संध्याकाळचे 5.30, इथे तेव्हा बुधवार-शुक्रवारची सकाळ असते. ब्रिटन : शनिवार-रविवार सकाळी 10.30, जर्मनी-नेदरलँड्सकडे त्याच तुकडीचे 11.30. दुबई : सोमवार-बुधवार संध्याकाळी 5. सिंगापूर : सोमवार-बुधवार संध्याकाळी 5. सिडनी : मंगळवार-गुरुवार संध्याकाळी 5. 8 मार्चला अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे जातील, तुम्ही काही बदलायचं नाही. तुमची वेळ तीच, माझी बदलते. माझ्याकडे भिंतीवर त्यासाठी वेगळं घड्याळ आहे.

फी

चौघांच्या तुकडीत तासाला 400 रुपये, म्हणजे 24 तासांचे 9,600. एकट्यासाठी हवं असेल तर तासाला 700, एकूण 16,800, पण "पाटी"च्या मुलाला एकटं बसवू नका, त्याला बोलायला दुसरं मूल लागतं. सख्ख्या भावंडाला पाव फी माफ, म्हणजे 7,200. फी रुपयांत घेते. बरेच पालक इथल्या आईवडिलांनाच यूपीआयनं भरायला सांगतात, ते सोपं पडतं. एकरकमी जड जात असेल तर दोन हप्ते, दुसरा सहाव्या आठवड्याआधी. पहिल्या चार तासांत मुलाला रुचलं नाही तर उरलेल्या 20 तासांचे 8,000 परत, कारण विचारणार नाही. त्यानंतर परतावा नाही.

तुमच्या बाजूनं तास बुडाला तर तो गेला, पण त्या दिवशीचे शब्द आणि खेळ मी व्हॉट्सअॅपवर पाठवते. इथली लाईट किंवा नेट गेलं, किंवा मी आजारी पडले, तर तो तास भरून देते. वर्गाचं चित्रण करत नाही, कुणी करूही नये. चार घरांची मुलं असतात.

लॅपटॉप किंवा टॅबलेट लागेल, फोनच्या पडद्यावर अक्षराची वेलांटी दिसत नाही. सोबत दुरेघी वही, पेन्सिल, आणि पाण्याची बाटली, म्हणजे दर पाच मिनिटांनी उठणं होत नाही.

ज्यांनी तुम्हाला हा मजकूर पाठवला त्यांच्याकडे माझा नंबर आहे. 4 जानेवारीपर्यंत व्हॉट्सअॅपवर मुलाचं नाव, वय, गाव आणि घरी कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतं तेवढं लिहून पाठवा. त्यासोबत मुलाचा मराठीतला अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप हवा. "माझं नाव अमुक, मला मराठी येत नाही" एवढा असला तरी चालेल.

आपली,
मराठीच्या बाई
शिवाजी पेठ, कोल्हापूर